सार्वजनिक रिझॉल्व्हर नाकारले जातात तेव्हा: मेल सर्व्हरवरील स्थानिक डीएनएस रिझॉल्व्हरची पार्श्वभूमी

स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची यादी डीएनएसमधून विचारण्याची पद्धत १९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी आणि डेव्ह रँड यांच्या मॅप्स या उपक्रमातून रूढ झाली. त्यांची यादी सुरुवातीला राउटरांना बीजीपीमार्गे पुरवली जात असे. डीएनएसचे रूप मिळाल्यावर मात्र कोणताही मेल सर्व्हर तिचा उपयोग करू शकला. समोरून जोडणी करणाऱ्या यंत्राच्या आयपी पत्त्याचे चारही आकडे उलटे लिहायचे, त्यापुढे यादीचे नाव जोडायचे आणि त्या नावाची ए नोंद मागायची, एवढीच ती रीत होती. पत्ता यादीत असेल तर 127.0.0.2 असे उत्तर येई आणि नसेल तर असे नावच अस्तित्वात नाही, असे कळे. पुढे २०१० मध्ये आरएफसी ५७८२ मध्ये ही रीत लिहून ठेवण्यात आली आणि 127.0.0.2 हा पत्ता चाचणीसाठी प्रत्येक यादीत असलाच पाहिजे, असेही तीत नमूद झाले.

या साध्या रचनेत ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढीच दोन उत्तरे होती; ‘तुम्हाला सांगणार नाही’ म्हणण्याची सोय नव्हती. ही उणीव किती महाग पडू शकते ते ओआरडीबी या यादीने दाखवून दिले. ती डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, तरी असंख्य सर्व्हर तिला विचारतच राहिले. अखेर मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक प्रश्नाला ‘आहे’ असे उत्तर द्यायला सुरुवात केली आणि ज्यांच्या मांडणीत ती जुनी ओळ राहून गेली होती, त्यांच्याकडे येणारी सगळी टपाल परत जाऊ लागली.

त्या काळी मेल सर्व्हर चालवणारा बहुधा बाइंड हा स्वतःचा रिझॉल्व्हरही, म्हणजे नावांची उत्तरे शोधून आणणारा सर्व्हरही, चालवत असे. त्यामुळे यादीच्या चालकाला प्रश्न ज्या पत्त्यावरून येई, तोच विचारणाऱ्याचा पत्ता असे. कोण किती विचारतो ते मोजता येई आणि थोडे विचारणाऱ्यांना फुकट, मोठ्यांना पैसे, असा हिशेब ठेवता येई. डिसेंबर २००९ मध्ये गूगलने 8.8.8.8 ही सार्वजनिक रिझॉल्व्हर सेवा सुरू केली, पुढे २०१७ मध्ये क्वाड९ आणि २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअरची 1.1.1.1 आली, आणि हा हिशेब मोडला. हजारो सर्व्हरांचे प्रश्न आता एकाच सेवेच्या मोजक्या पत्त्यांवरून येऊ लागले. त्या गर्दीत दिवसाला शंभर प्रश्न विचारणारा छोटा सर्व्हर आणि कोट्यवधी प्रश्न विचारणारी कंपनी यांत फरक करता येईना, म्हणून याद्यांनी ती गर्दीच नाकारली. यात अन्याय वाटला, तरी चालकापुढे दुसरा व्यवहार्य मार्ग फारसा नव्हता, असे मला वाटते.

नकार कसा कळवायचा, हा जुना प्रश्न मात्र उरलाच. यूआरआयबीएल या यादीने त्यासाठी 127.0.0.1 हे उत्तर ठरवले आणि स्पॅम गाळणाऱ्या स्पॅमअसॅसिनमध्ये ते ओळखणारा `URIBL_BLOCKED` हा नियम आला. झेन ही यादी चालवणाऱ्या स्पॅमहाउसने 127.255.255 ने सुरू होणारे वेगळे संकेत राखून ठेवले. त्यांपैकी 127.255.255.254 म्हणजे प्रश्न सार्वजनिक रिझॉल्व्हरकडून आला, आणि 127.255.255.255 म्हणजे प्रश्नांची संख्या मर्यादेबाहेर गेली. नकार आणि खरे उत्तर यांतला फरक या दोन आदेशांनी पाहता येतो:

```
dig +short 2.0.0.127.zen.spamhaus.org @8.8.8.8
dig +short 2.0.0.127.zen.spamhaus.org @127.0.0.1
```

पहिल्या ओळीला नकाराचा संकेत मिळतो किंवा काहीच मिळत नाही. दुसऱ्या ओळीला, स्थानिक रिझॉल्व्हर नीट चालत असेल तर, 127.0.0.2, 127.0.0.4 आणि 127.0.0.10 अशी खरी उत्तरे येतात. उत्तर रिकामे आले तर ती यादी निमूटपणे निकामी झालेली असते आणि लॉगमध्ये त्याचा मागमूसही नसतो. याउलट पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये नुसते `reject_rbl_client zen.spamhaus.org` लिहिले असेल, तर आलेले कोणतेही उत्तर ‘आहे’ असेच धरले जाते; मग नकाराचा संकेतही दोषारोप ठरतो आणि ओआरडीबीच्या वेळची गत होते. म्हणून ती ओळ `reject_rbl_client zen.spamhaus.org=127.0.0.[2..11]` अशी मर्यादा घालून लिहावी.

स्थानिक रिझॉल्व्हर म्हणून आज बऱ्याच ठिकाणी दिसणारा अनबाउंड एनएलनेट लॅब्सने मे २००८ मध्ये पहिल्या आवृत्तीत आणला. त्यानंतर दोनच महिन्यांनी डॅन कामिन्स्की यांनी शोधलेली कॅशेमध्ये खोटी उत्तरे घुसवण्याची पद्धत जाहीर झाली आणि डीएनएसची उत्तरे सहीनिशी पडताळण्याची निकड सगळ्यांना पटली. डीएनएसच्या मूळ झोनवर, म्हणजे सगळ्या नावांच्या मुळाशी असलेल्या भागावर, १५ जुलै २०१० रोजी सही झाली. यादीच्या झोनवर सही नसली तरी पडताळणीमुळे काही अडत नाही, कारण वरच्या झोनकडून ‘खाली सही नाही’ याचा सहीनिशी पुरावा मिळतो आणि उत्तर तसेच पुढे जाते. पडताळणीचा खरा लाभ दुसरीकडे आहे. पोस्टफिक्स २.११ पासून डेन ही सोय आली, तीत समोरच्या सर्व्हरच्या प्रमाणपत्राची खूण डीएनएसमध्ये असते, आणि ‘हे उत्तर पडताळले आहे’ हा रिझॉल्व्हरचा शब्द पोस्टफिक्स जसाच्या तसा मानतो. तो शब्द दूरच्या, असुरक्षित वाटेने येत असेल तर त्याला अर्थ नाही. रिझॉल्व्हर त्याच यंत्रावर असावा लागतो.

मांडणी करताना घात होतो तो बहुधा तीन ठिकाणी. पहिले, अनबाउंडला `forward-zone` मधून 8.8.8.8 कडे वळवणे: अशाने रिझॉल्व्हर नावापुरताच स्थानिक राहतो आणि नकार तसाच येतो. दुसरे, `private-address` मध्ये 127.0.0.0/8 टाकणे: बाहेरच्या नावाला आतला पत्ता देणाऱ्या रीबाइंडिंगच्या हल्ल्यापासून बचाव म्हणून दिलेली ही ओळ यादीची सगळी उत्तरे गाळून टाकते, कारण ती उत्तरे त्याच टप्प्यातली असतात. तिसरे ठिकाण सहसा ध्यानात येत नाही. डेबियनवर पोस्टफिक्सचे काही भाग क्रूटमध्ये, म्हणजे आपल्यापुरत्या वेगळ्या फाइलरचनेत, चालत असतील, तर ते `/var/spool/postfix/etc/resolv.conf` ही वेगळी प्रत वाचतात. मूळ फाइलमध्ये `nameserver 127.0.0.1` लिहूनही ही प्रत जुनीच असेल, तर हाताने चालवलेला dig बरोबर उत्तर देतो आणि पोस्टफिक्स मात्र जुन्याच रिझॉल्व्हरला विचारत राहतो. पोस्टफिक्स पुन्हा सुरू केल्यावर ती प्रत नव्याने घेतली जाते.

पडताळणीमुळे एक नवा बिघाडही पदरी येतो. सह्यांना मुदत असते. यंत्राचे घड्याळ बरेच चुकले की सही असलेल्या प्रत्येक नावाला SERVFAIL हे अपयशाचे उत्तर येऊ लागते. तोच प्रश्न `dig +cd` ने, म्हणजे पडताळणी वगळून, विचारला आणि उत्तर आले, तर दोष जाळ्यात नसून पडताळणीत आहे हे कळते.

स्थानिक रिझॉल्व्हर बसवूनही नकार येत राहिला, तर `dig +short whoami.akamai.net @127.0.0.1` चालवून पाहावे. ज्या पत्त्यावरून प्रश्न बाहेर पोहोचला तो पत्ता त्यात दिसतो. तो आपल्या सर्व्हरचा नसेल, तर वाटेत कोणीतरी ५३ क्रमांकाच्या पोर्टवरचे प्रश्न स्वतःच्या रिझॉल्व्हरकडे वळवत आहे. तो आपलाच असेल, तर त्याचे उलटे नाव, म्हणजे डीएनएसमध्ये पत्त्यावरून मिळणारे नाव, पाहावे. भाड्याच्या सर्व्हरांना पुरवठादाराने सरसकट दिलेली, मालक न ओळखता येणारी नावे स्पॅमहाउस सार्वजनिक रिझॉल्व्हरच्याच रांगेत बसवते आणि तोच 127.255.255.254 हा संकेत देते. अशा वेळी स्वतःच्या डोमेनचे उलटे नाव लावून घ्यावे, किंवा नोंदणी करून मिळणारी किल्ली प्रश्नाच्या नावातच घालून `dq.spamhaus.net` खालच्या झोनला विचारावे. तिथे ओळख पत्त्यावरून नव्हे तर किल्लीवरून पटते.