सोशल बॅटरी संपली की चार्जिंग संपलं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर लाल रेघेपुरत्या उरलेल्या बॅटरीचं चित्र दोन कामांना येतं. एकदा त्याचा अर्थ "फोन बंद पडणार, उद्या बोलू" असा असतो. दुसऱ्यांदा फोन शंभरावर असतो आणि लोकांत वावरून माणूसच संपलेला असतो, म्हणजे त्याची "सोशल बॅटरी" उतरलेली असते. मंगल कार्यालयातलं मीम बहुतेकांनी पाहिलंय: दारात ऐंशी, जेवणाच्या रांगेत चाळीस, आणि कुणीतरी खांद्यावर हात टाकून "ओळखलास काय गा मला?" म्हटलं की एक.

चित्राचा इतिहास फार जुना नाही. फोनच्या छोट्या पडद्यावर कोपऱ्यात काळ्या पट्ट्या असत, त्या एकेक करून जात आणि शेवटी फोन कुरकुरायचा. आकडा आणि लाल रंग रुळला तो स्मार्टफोनबरोबर. 2010 मध्ये युनिकोडच्या यादीत बॅटरीचं इमोजी आलं, पण ते भरलेलं (🔋). संपलेली बॅटरी (🪫) त्या यादीत आली 2021 मध्ये आणि फोनवर दिसायला लागली 2022 च्या सुमारास. मधली अकरा वर्षं "संपलो" म्हणायला एकतर भरलेलं चित्र टाकून खाली खुलासा करा, नाहीतर पडद्याचा कोपरा कापून पाठवा. कापलेल्या कोपऱ्यात खरा आकडा असतो, म्हणून विनोदात एक टक्क्याला एवढं वजन आलं असावं.

तो एक टक्का मात्र मोजमाप कमी आणि अंदाज जास्त. लिथियमची बॅटरी भरलेली असताना 4.2 व्होल्टच्या आसपास असते, मग बराच वेळ 3.7 च्या आजूबाजूला रेंगाळते आणि शेवटी झपकन खाली येते. आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला याचा हिशेब फोन ठेवतो आणि व्होल्टेजशी ताडून टक्का दाखवतो. बॅटरी जुनी झाली की हा हिशेब चुकायला लागतो. शिवाय तिचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे कॅमेऱ्याचा फ्लॅश लावला की व्होल्टेज एकदम दबतं आणि चौदा टक्के दाखवणारा फोन गप्पकन बंद होतो. उलटही घडतं. हिशेबानं बॅटरी संपलेली असते, व्होल्टेज अजून तग धरून असतं, म्हणून फोन "एक"वरच अडून बसतो आणि दहा-पंधरा मिनिटं चालतो. खानापूरच्या जंगलाकडे आणखी एक भानगड असते. टॉवर लांब असला की फोनला जोर लावून सिग्नल पाठवावा लागतो, रेंज गेली की तो पुन्हापुन्हा नेटवर्क शोधत राहतो. त्यामुळे एक शब्द न बोलता चार्जिंग उतरतं. लग्नात कोपऱ्यात गप्प बसूनही दमणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

खरा गुंता शब्दाचा आहे. "सोशल बॅटरी" हा शब्द इंग्रजी मीमबरोबर आयता आला. पण आमच्याकडे बॅटरी म्हणजे आधी विजेरी: "बॅटरी घेऊन जा, वाटेत साप असतोय." तिचे सेल उतरले की उन्हात ठेवायचे. ऊब लागली की थोडा दम परत यायचा, रात्रभराचा नाही. शाळेत जाड चष्मा म्हणजेही बॅटरी. ट्रॅक्टरची बॅटरी डाऊन होते, मग चार माणसं धक्का मारतात. आणि फोनची "बॅटरी गेली" म्हणजे ती फुगली किंवा मेली, नवी घ्यायला हवी. रोजच्या संपण्याला शब्द आहे "चार्जिंग": "चार्जिंग किती आहे?", "चार्जिंग संपलं". म्हणून भाचीनं "माझी सोशल बॅटरी गेली" असं लिहिलं की मावशीला वाटतं, हिला डॉक्टरकडे न्यायला हवं. "चार्जिंग संपलं" म्हटलं तर तिला लगेच कळतं की पोरगी झोपून उठली की ठीक होईल. मला दुसरं नेमकं वाटतं, पण तरुण मंडळी पहिलंच लिहितात. "सोशल" शब्दाला वजन आहे, नुसतं "चार्जिंग" म्हटलं तर आळस वाटतो, असं त्यांचं म्हणणं. त्यातही तथ्य आहे.

मराठी-कानडी मिश्र ग्रुपांवर हा वाद आपोआप मिटतो. कुणी "चार्जिंग नाही" लिहितं, कुणी "चार्ज इल्ल". ती रिकामी बॅटरी इमोजीत आल्यापासून बरेच जण काहीच लिहीत नाहीत, 🪫 टाकतात आणि ऑफलाइन होतात. तेव्हा फोन संपला की माणूस, हे फक्त एकाच गोष्टीवरून कळतं: पाठवलेल्या पुढच्या मेसेजवर दुसरी टिक येते की नाही.