जड वस्तू आधी पडते, हा समज आला कुठून?

किराणा दुकानातली दोन लोखंडी वजनं घ्या, एक किलोचं आणि शंभर ग्रॅमचं. ती घराच्या गच्चीच्या कठड्यावर अगदी काठाशी शेजारी शेजारी ठेवा. खाली दहा फुटांवर एक जुना पत्रा अंथरा, आणि तिथे कुणी उभं नाही याची खात्री करून एका सरळ पट्टीने दोन्ही वजनं एकदमच ढकला. खालून आवाज एकच येतो.

जड वस्तू वजनाच्या प्रमाणात वेगाने पडत असती, तर किलोच्या वजनाला पत्र्यापर्यंत पोचायला लागतो पाऊण सेकंद आणि शंभर ग्रॅमच्या वजनाला लागले असते जवळजवळ आठ सेकंद. आठ सेकंद हवेत रेंगाळणारं लोखंड कुणीच पाहिलेलं नाही. तरीही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताना मी दरवर्षी हा प्रश्न विचारायचो आणि बहुतेक हात ‘जड आधी’ या बाजूने वर जायचे. घरी विचारलं तर मोठी माणसंही तेच सांगत.

प्रयोग नेमका कुठे फसतो, ते आधी सांगतो. बहुतेक जण दोन हातांत दोन वजनं धरून सोडतात. मेंदूने दोन्ही हातांना एकाच वेळी हुकूम दिला, तरी जड वजन घट्ट आवळून धरलेली मूठ किंचित उशिरा सुटते. हा उशीर सेकंदाचा विसावा भाग असला, तरी खाली पोचेपर्यंत दोन वजनांत सव्वा फुटाच्या आसपास अंतर पडलेलं असतं. त्यातही गंमत अशी की आधी पडतं ते हलकं. गॅलिलिओने तरुणपणी, १५९०च्या सुमारास, लाकडाचा गोळा सुरुवातीला शिशाच्या पुढे जातो असं लिहून ठेवलं होतं. बरीच वर्षं ते विचित्र वाटत होतं. विसाव्या शतकात माणसांच्या हातांचं चित्रीकरण करून पाहिलं, तेव्हा हातांचा हा दोष उघड झाला. म्हणून पट्टी हवी.

पत्र्याची युक्तीही जुनीच आहे. १५८६ साली हॉलंडमधल्या एका गणितज्ञाने मित्राच्या मदतीने शिशाचे दोन गोळे तीस फुटांवरून फळीवर टाकले. एक दुसऱ्याच्या दहापट जड होता, आणि दोन्ही आवाज एकच भासल्याचं त्याने नोंदवलं. पिसाच्या मनोऱ्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण ती गॅलिलिओच्या शिष्याने नंतर कित्येक वर्षांनी सांगितलेली आहे आणि ती घडली की नाही यावर अजून वाद आहे. माझ्या मते फळीवरच्या आवाजाचा मान मोठा. त्याच्याही आधी, सहाव्या शतकात, ग्रीक तत्त्वज्ञानाच्या एका टीकाकाराने लिहिलं होतं की वजनात कितीही फरक असला तरी पडण्याच्या वेळेत फरक फार थोडा दिसतो.

मग समज टिकला कसा? मला वाटतं, आपल्या भाषेत तरी ‘जड’ या शब्दाचा त्यात वाटा आहे.

आपण जड म्हणतो ते दोन अर्थांनी. पिशवी जड आहे, म्हणजे ती खाली ओढते. पण चालून चालून पाय जड होतात, तेव्हा ते हलत नाहीत. जड आणि चेतन अशी जोडी लावतो, तेव्हा जड म्हणजे आपणहून न हलणारं. पाठ्यपुस्तकातलं ‘जडत्व’ या दुसऱ्या अर्थातून आलं आहे. मूल मात्र पहिला अर्थ घेऊन वाचतं आणि जडत्व म्हणजे वजनच, असं समजतं. तिकडे ‘गुरुत्वाकर्षण’ या शब्दातला गुरूही जडच. दोन शब्द, दोन वेगळ्या गोष्टी, आणि दोन्हींच्या पोटात तोच जडपणा.

उसाची भरलेली ट्रॉली सपाट रस्त्यावर उभी आहे असं समजा. तिला उचलायचं नाही, फक्त पुढे ढकलायचं आहे. चाकांना कितीही तेल दिलं, तरी ती रिकाम्या ट्रॉलीसारखी चटकन निघत नाही. हे तिचं जडत्व. आता पुन्हा वजनांकडे या. पृथ्वी किलोच्या वजनाला दहापट जोराने ओढते, इथपर्यंत ‘जड आधी’ म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे. पण ते वजन हलायलाही दहापट कठीण आहे. ओढ दहापट, अडून राहणंही दहापट, म्हणून वेग दोघांचा सारखाच वाढतो: दर सेकंदाला सेकंदी ९.८ मीटरने. समज चुकतो तो जडपणाचा एकच अर्थ मोजल्यामुळे.

हे दोन जडपणे इतके तंतोतंत जुळावेत, असं कोणतंही साधं कारण नव्हतं. विसाव्या शतकात सापेक्षतेचा व्यापक सिद्धान्त उभा राहिला तो या जुळण्यावरच. २०१६ साली सोडलेल्या एका उपग्रहात टायटॅनियम आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूंची ‘पडझड’ मोजली गेली. २०२२च्या अंतिम निकालानुसार एकावर पंधरा शून्यं एवढ्या भागांत मोजक्या काही भागांच्या अचूकतेपर्यंत फरक सापडला नाही.

इथे खळ्यावरचा अनुभव आडवा येतो आणि त्याला खोटं म्हणता येणार नाही. ज्वारी उफणताना दाणा पायाशी पडतो आणि भूस लांब जातं. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली. अशा गारपिटीत हरभऱ्याएवढी गार झाडाची पानं फाडते, तर लिंबाएवढी गार कौल फोडते. मोठी गार खरंच जास्त वेगाने येते. कारण हवेचा विरोध.

समजा मोठ्या गारेचा व्यास लहानीच्या चौपट आहे. मग वजन चौसष्टपट होतं, पण हवेला अडवायला मिळणारं क्षेत्र सोळापटच. पडताना वेग वाढतो तसा हवेचा विरोधही वाढतो, आणि तो वजनाएवढा झाला की वेग वाढायचा थांबतो. मोठ्या गारेच्या बाबतीत तो टप्पा उशिरा येतो, म्हणून तिचा शेवटचा वेग लहानीच्या साधारण दुप्पट असतो. वजन चौसष्टपट आणि वेग दुप्पट, म्हणजे इथेही वेग वजनाच्या प्रमाणात नाहीच. हवा नसती तर तीन किलोमीटरवरून सुटलेल्या दोन्ही गारा तासाला साडेआठशे किलोमीटरहून जास्त वेगाने, एकाच क्षणी जमिनीवर आदळल्या असत्या. आपली ज्वारीच काय, घरंही उरली नसती.

हवा नसलेली जागा १९७१ साली मिळाली. अपोलो १५च्या मोहिमेत चंद्रावर उभ्या असलेल्या अंतराळवीराने सव्वा किलोहून थोडा जास्त वजनाचा हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं. दोन्ही एकदमच मातीला टेकली.

घरी चंद्र आणता येत नाही, पण कागद आणता येतो. वही आणि वहीचा सुटा कागद शेजारी शेजारी सोडा, कागद तरंगत मागे राहतो. आता तोच कागद वहीपेक्षा थोडा लहान कापून वहीवर ठेवा आणि वही आडवी सोडा, कागद वहीसोबतच खाली येतो. यावर एका मुलीने मला विचारलं होतं, “सर, वहीच त्याला ओढून नेत असेल तर?” शंका रास्त होती, कारण वहीच्या मागे वाहणारी हवा कागदाला थोडी खाली नेते. म्हणून आम्ही कागदाचा घट्ट बोळा केला आणि तो वहीच्या शेजारी, वेगळा सोडला. टेबलाच्या उंचीवरून दोघांचा आवाज एकत्र आला. कागदाचं वजन एका ग्रॅमनेही बदललं नव्हतं.