ऑटोक्लेव्ह तापमान प्रमाणीकरण (लोड-प्रोब पद्धत)

ऑटोक्लेव्हमध्ये ठेवलेल्या मालाच्या आत तापमानाचे प्रोब बसवून, सर्वांत उशिरा तापणारा भागही निर्जंतुकीकरणाच्या तापमानावर पुरेसा वेळ राहिला का, हे ताडून पाहण्याची पद्धत. यंत्राचा स्वतःचा संवेदक बहुधा ड्रेनच्या नळीत असतो. तो वाफेचे तापमान दाखवतो. बाटलीतल्या पाण्याचे नव्हे.

निर्जंतुकीकरणासाठी वापरला जाणारा १२१ अंश सेल्सियस हा आकडा कुठून आला, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक, तो २५० अंश फॅरेनहाइटचे रूपांतर (१२१.१) आहे, दुसरे, दर चौरस इंचाला १५ पौंड गेज दाबाच्या संपृक्त वाफेचे ते तापमान आहे. दोन्ही आकडे जवळपास एकाच जागी येतात. तथापि चक्राची एकूण मारकशक्ती मिनिटांत सांगणाऱ्या एफ-शून्य या मापाचा पाया १२१.१ अंश धरला जातो, यावरून पहिले स्पष्टीकरण अधिक पटते. १२१ अंशांना १५ मिनिटे आणि १३४ अंशांना ३ मिनिटे या जोड्या ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कार्यगटाने १९५९ मध्ये मांडल्या.

द्रवाने भरलेल्या एक लिटरच्या बाटल्यांचा लोड घेऊ. प्रोब म्हणून बहुधा तांबे-कॉन्स्टंटनचे थर्मोकपल वापरतात. त्याचे टोक बाटलीच्या मध्य अक्षावर, तळापासून थोडे वर धरतात, कारण पातळ द्रवात गरम भाग वर चढतो आणि थंड भाग तळाशी उरतो. अगारसारख्या घट्ट माध्यमात मात्र तो मध्याजवळ असतो. टोक काचेला टेकले तर प्रोब भिंतीचे तापमान वाचतो आणि लोड वेळेआधीच तयार झाल्याचे भासते.

समजा, ड्रेनचा संवेदक १०:१२ ला १२१ अंशांवर पोचला आणि मधल्या बाटलीतला प्रोब १०:३१ ला. टाइमर ड्रेनवर लावला, तर १०:२७ ला वाफ बंद होते, तेव्हा बाटली जेमतेम ११९ अंशांवर असते. शेवटचे अंश चढायला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण वाफ आणि द्रव यांच्यातला फरक कमी होत गेला की उष्णतेचा ओघही मंदावतो. होल्ड टाइम, म्हणजे माल ठरलेल्या तापमानावर राहण्याचा वेळ, १०:३१ पासून मोजला तरच १०:४६ ला १५ मिनिटे भरतात. काहीजण तापण्याच्या काळातील मारकशक्तीही एफ-शून्यमध्ये जमेस धरतात: ११९.१ अंशांवरचे एक मिनिट १२१.१ वरच्या ०.६३ मिनिटाइतके. हे गणित द्रवाच्या लोडला योग्य असले, तरी होल्ड टाइम सिद्ध करायचा असेल तेव्हा सर्वांत मंद प्रोबचेच घड्याळ धरावे.

चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर प्रोब निर्जंतुकीकरणाच्या तापमानाजवळ प्रमाणित तापमापीशी पडताळतात. नंतरच्या पडताळणीत फरक अर्ध्या अंशापेक्षा जास्त निघाला, तर ते चक्र बाद ठरवण्याची प्रथा आहे. तार जाण्याच्या छिद्राचे सील ढिले असेल, तर निर्वात टप्प्यात हवा आत शिरते. त्याच दाबाला हवामिश्रित वाफ शुद्ध वाफेहून थंड असते. म्हणून दाबमापक बरोबर असूनही एखादा प्रोब मागे पडला, तर आधी गळती शोधावी.