व्हर्सायचा तह कडक होता की अन्यायाचा? हा घोळ एकदाचा मिटवू या

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीशी झालेल्या व्हर्सायच्या तहावर काहीही वाचायला घ्या, तेच वाक्य सापडतं: अटी फार कडक होत्या म्हणून तह जर्मनीवर अन्याय करणारा होता. मला तो 'म्हणून' खटकतो. कडक अट न्याय्य असू शकते आणि साधी दिसणारी अटही अन्यायाची असू शकते.

कडकपणाचं शाळेत पाठ झालेलंच आहे, सैन्य १ लाखावर आणलं, वसाहती गेल्या, अल्सास-लोरेन फ्रान्सला परत गेलं, पुढे चला.

अन्याय म्हणायचा तर मोजपट्टी कुठली ते आधी सांगा ना. बरेच जण ब्रेस्ट-लिटोव्हस्क काढतात, की मार्च १९१८ मध्ये जर्मनीनेच रशियावर याहून जड तह लादला होता. बरोबर आहे, पण त्यातून एवढंच कळतं की त्या काळात जिंकणारे असंच वागायचे, व्हर्साय न्याय्य होता हे त्यातून सिद्ध होत नाही. माझ्या मते सगळ्यात पक्की मोजपट्टी म्हणजे शस्त्रं खाली ठेवण्याआधी हरणाऱ्याला काय शब्द दिला होता.

तो शब्द कागदावर आहे. ५ नोव्हेंबर १९१८ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांनी जर्मनीला कळवलं की भरपाई घेणार ती नागरिकांच्या आणि त्यांच्या मालमत्तेच्या नुकसानीची. त्यानंतर ११ तारखेला युद्धबंदी झाली. आता १९१९ चा तह शेजारी ठेवून वाचा, भरपाईच्या यादीत सैनिकांची पेन्शन आणि त्यांच्या घरच्यांना दिलेले भत्तेही आहेत. कारण सरळ होतं, उद्ध्वस्त गावं फ्रान्स-बेल्जियममध्ये, ब्रिटनमध्ये तसं नुकसान कमी, मग फक्त नागरी नुकसान मोजलं तर ब्रिटनच्या हाती फारसं काही लागणार नव्हतं. दक्षिण आफ्रिकेचा नेता स्मट्स याने ब्रिटनच्या बाजूने मुद्दा मांडला की सैन्यातून सुटून घरी आलेला जखमी माणूस नागरिकच की, आणि अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी तो मान्य केला. मला विचाराल तर इथे दिलेला शब्द मोडला, आणि हे दोन कागद समोरासमोर ठेवून दाखवता येतं.

याउलट १३२ अब्ज सोन्याचे मार्क हा भरपाईचा आकडा, जो प्रत्येक जण पुरावा म्हणून फेकतो, तो फार कच्चा आहे. तो तहात नव्हताच, १९२१ मध्ये ठरला, आणि त्यासाठी जर्मनीने द्यायच्या रोख्यांचे तीन गट केले, त्यातल्या तिसऱ्या गटात ८२ अब्ज टाकले होते, जे वसूल होतील असं ते ठरवणाऱ्यांनाही फारसं वाटत नव्हतं. खरी मागणी ५० अब्जांची. तीही जड होतीच, पण जड आहे एवढ्यावरून ती अन्यायाची ठरत नाही, जर्मनीला किती झेपत होतं ते वेगळं दाखवावं लागतं आणि त्यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

आणि 'जर्मनीचं काहीच ऐकून घेतलं नाही' असंही सरसकट लिहू नका. समोरासमोर बोलणी झाली नाहीत, लेखी हरकती तेवढ्या घेतल्या, हे खरं. पण जर्मनीचा वरचा सायलेशिया हा भाग थेट पोलंडला द्यायचं ठरलं होतं, ते जर्मनीच्या हरकतीनंतर बदललं आणि तिथे १९२१ मध्ये सार्वमत झालं.