अंदाज चुकला तरी उत्तर बरोबर कसं येतं?

गटांत मांडलेल्या माहितीचा मध्य काढायला मुलं बसली की सुरुवातीलाच एक प्रश्न हमखास येतो: "गृहीतमध्य कोणता घ्यायचा?" बहुतेकांना वाटतं, त्याची एकच बरोबर निवड असते आणि ती चुकली की पुढचं सगळं गेलं. खरं तर कुठलीही संख्या घ्या, उत्तर तेच येतं. असं का होतं हे एकदा कळलं, की या पद्धतीतल्या नेहमीच्या चुका आपल्या आपण सापडायला लागतात.

समजा, 80 जणांना एक कोडं सोडवायला दिलं. प्रत्येकाला लागलेला वेळ जवळच्या पूर्ण मिनिटात लिहिला आणि वर्ग पाडले. शेजारच्या वर्गमध्यांत 5 चं अंतर आहे, त्याला h म्हणू; आणि एकूण माणसं N = 80.

| वेळ (मिनिटे) | वर्गमध्य x | वारंवारता f | u | fu | fu² |
|---|---|---|---|---|---|
| 10–14 | 12 | 6 | −3 | −18 | 54 |
| 15–19 | 17 | 17 | −2 | −34 | 68 |
| 20–24 | 22 | 22 | −1 | −22 | 22 |
| 25–29 | 27 | 16 | 0 | 0 | 0 |
| 30–34 | 32 | 10 | 1 | 10 | 10 |
| 35–39 | 37 | 6 | 2 | 12 | 24 |
| 40–44 | 42 | 3 | 3 | 9 | 27 |
| एकूण | | 80 | | −43 | 205 |

मधल्या वर्गाचा वर्गमध्य 27, म्हणून गृहीतमध्य A = 27 धरला. प्रत्येक वर्गमध्यातून 27 वजा करून 5 ने भागलं की u मिळतो. म्हणजे मोजपट्टीचा शून्य उचलून 27 वर ठेवला आणि एकेका मिनिटाऐवजी पाच-पाच मिनिटांच्या उड्या मारत मोजलं. माहितीला आपण हातही लावला नाही, हलली ती पट्टी. म्हणून शेवटी पट्टी पुन्हा जागेवर आणावी लागते: उड्यांची मिनिटं करायला 5 ने गुणायचं, आणि शून्य परत न्यायला 27 मिळवायचे.

मध्य = A + h × (Σfu / N) = 27 + 5 × (−43/80) = 27 − 2.6875 = 24.3125

उणे चिन्ह पाहून दचकायचं कारण नाही. आपण 27 म्हणालो, खरा मध्य त्याच्या अलीकडे आहे, एवढंच ते सांगतं.

प्रमाण विचलनात मात्र अडखळायला होतं. शून्य सरकवला म्हणून माणसांमधली अंतरं बदलत नाहीत. त्यामुळे शेवटी A मिळवायचा नसतो, नुसतं h ने गुणायचं असतं. पण त्याआधी एक वजाबाकी आहे आणि उत्तरपत्रिकांमध्ये सगळ्यांत जास्त वेळा तीच राहून गेलेली दिसते:

प्रमाण विचलन = h × √[ Σfu²/N − (Σfu/N)² ]

आपल्या तक्त्यात Σfu²/N = 205/80 = 2.5625. त्यातून (−0.5375)² म्हणजे 0.2889 वजा केले की 2.2736 उरतात. त्याचं वर्गमूळ 1.508, आणि 5 ने गुणून 7.54 मिनिटं.

ही वजाबाकी कशासाठी? प्रमाण विचलन म्हणजे खऱ्या मध्यापासून माहिती किती पसरली आहे त्याचं माप. आपण अंतरं मोजली ती 27 पासून. आणि अंतरांच्या वर्गांची बेरीज खऱ्या मध्यापाशीच सगळ्यांत कमी असते. दुसऱ्या कुठल्याही ठिकाणाहून मोजा, ती वाढते आणि अगदी हिशेबात वाढते: आपला अंदाज खऱ्या मध्यापासून जितका लांब, त्या अंतराच्या वर्गाला माणसांच्या संख्येनं गुणायचं, तेवढी. आपल्या 205 मध्ये 181.89 हा माहितीचा स्वतःचा पसारा आहे आणि उरलेले 23.11 आपल्या चुकीच्या अंदाजाचे. वजाबाकी करून आपण आपल्या अंदाजाचं भाडं तेवढं परत करतो.

ती विसरली तर उत्तर येतं 5 × √2.5625, म्हणजे 8.00 मिनिटं. दिसायला अगदी सालस उत्तर, शंकाही येत नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे: ही चूक उत्तर नेहमी फुगवते, कधीच कमी करत नाही. अंदाज योगायोगानं खऱ्या मध्यावरच पडला तरच ती चूक लपून जाते.

आता त्याच तक्त्यात A = 22 धरून पाहू. प्रत्येक u एकाने वाढतो, म्हणजे −2 पासून 4 पर्यंत. Σfu येतो 37 आणि Σfu² येतो 199. मध्य = 22 + 5 × 37/80 = 22 + 2.3125 = 24.3125. जसाच्या तसा. प्रमाण विचलनासाठी 2.4875 − 0.2139 = 2.2736, तेही तेच. या खेपेला अंदाज थोडा जवळचा होता म्हणून भाडंही कमी: 23.11 ऐवजी 17.11.

या दुसऱ्या फेरीला वेळेची उधळपट्टी म्हणू नका. पहिल्या फेरीत 5 ने गुणायचं राहिलं असतं तर मध्य 26.46 आला असता. तक्ता पाहून त्याला कोणी चूक म्हणणार नाही. पण A = 22 घेऊन तीच चूक केली की येतात 22.46. एकाच माहितीचे दोन मध्य असूच शकत नाहीत, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ कार्ल शार्लिए यांच्या नावानं ओळखली जाणारी पडताळणी मुळात हीच आहे. शून्य एक उडी अलीकडे सरकवला तर नवीन बेरजा जुन्या बेरजांवरूनच कळायला हव्यात:

Σf(u+1) = Σfu + N = −43 + 80 = 37

Σf(u+1)² = Σfu² + 2Σfu + N = 205 − 86 + 80 = 199

तक्त्यात u + 1 चे स्तंभ वेगळे मांडून बेरजा केल्या आणि 37 नि 199 मिळाले, तर गुणाकार-बेरजा ठीक आहेत असं समजायला हरकत नाही. मात्र एखादी वारंवारताच चुकीची उतरवली असेल, 17 च्या जागी 71 लिहिले असतील, तर ही पडताळणी बिनबोभाट पास होईल. दोन्ही फेऱ्यांत तीच चुकीची संख्या वापरली जाते ना! त्यासाठी f ची बेरीज खरोखर 80 येते का, हे आधीच पाहावं.

"आता कॅल्क्युलेटर आहे, मग हे कशाला?" असंही विचारतात. तर 1000000001, 1000000002 आणि 1000000003 या तीन संख्या घ्या. यांच्या विचलनांच्या वर्गांची सरासरी 2/3 आहे, हे तोंडी सांगता येतं. पण संगणकाला वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करायला लावलं, तर वर्ग जातात 10¹⁸ च्या घरात. तिथे नेहमीच्या दुहेरी अचूकतेच्या मांडणीत लगतच्या दोन संख्यांमध्येच 128 चं अंतर असतं. 2/3 तिथे दिसणार कुठून? उत्तर शून्य येईल, 128 येईल, कधी चक्क उणेही येईल. आधी 1000000002 वजा केले की उरतात −1, 0, 1 आणि काम सोपं होतं. म्हणजे गृहीतमध्य आजही धरावा लागतो, यंत्रालासुद्धा.

मध्यकाकडे वळलं की गृहीतमध्याचं काही कामच राहत नाही. मध्यक म्हणजे रांगेत मधोमध उभा असलेला. त्याला अंतरांशी देणंघेणं नाही, फक्त आपल्या अलीकडे किती जण आहेत याच्याशी. संचित वारंवारता 6, 23, 45, 61, 71, 77, 80 अशी जाते. N/2 = 40, आणि 23 च्या पुढे नि 45 च्या आत चाळीस येतो, म्हणून 20–24 हा मध्यकीय वर्ग.

इथे जरा थांबायला हवं. वर्ग 19 ला संपतो आणि पुढचा 20 ला सुरू होतो, मग मधली जागा कोणाची? वेळ जवळच्या मिनिटात लिहिला होता. 19.6 मिनिटं लागलेल्या माणसाची नोंद 20 अशी झाली. तेव्हा या वर्गाची खरी हद्द 19.5 ते 24.5 आहे आणि त्याची रुंदी 24 − 20 = 4 नसून 5 आहे.

मध्यक = 19.5 + ((40 − 23)/22) × 5 = 19.5 + 3.86 = 23.36

खालची मर्यादा 20 धरली तर 23.86 येतात, आणि 20 सोबत रुंदीही 4 धरली तर 23.09. तिन्ही उत्तरं मध्यकीय वर्गातच पडतात, त्यामुळे नुसतं पाहून चूक पकडता येत नाही. मध्य काढताना मात्र ही चूक होतच नाही, कारण 20 आणि 24 चा मध्यही 22 आणि 19.5 आणि 24.5 चा मध्यही 22. मध्य बरोबर आला म्हणून मध्यकही बरोबर असेल, असं धरून चालू नये.

मध्य 24.31, मध्यक 23.36. जवळजवळ एका मिनिटाचा हा फरक उजवीकडच्या शेपटीनं पडला आहे. कोड्यात अडकून 40 मिनिटांपुढे गेलेले तिघं मध्याला आपल्याकडे ओढतात. मध्यकाच्या दृष्टीनं ते फक्त "पुढचे तिघं".

हे सगळे आकडे एका गृहीतकावर उभे आहेत, हेही सांगायला हवं. मध्य आणि प्रमाण विचलन काढताना 20–24 मधले बावीसही जण नेमके 22 वर उभे आहेत असं आपण मानलं, आणि मध्यक काढताना तेच बावीस जण वर्गात सारख्या अंतरानं पसरलेले मानले. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही! तरीही चालून जातं, कारण मध्यात एका वर्गाची चूक दुसऱ्या वर्गात बरीचशी फिटते. प्रमाण विचलनात ती तशी फिटत नाही. दोन्ही टोकांना हळूहळू विरत जाणाऱ्या माहितीत गट पाडल्यामुळे ते किंचित मोठं येतं, आणि शेपर्ड यांची दुरुस्ती प्रमाण विचलनाच्या वर्गातून h²/12 वजा करायला सांगते. आपल्याकडे 56.84 − 2.08 = 54.76, म्हणजे 7.54 ऐवजी 7.40. पण आपला तक्ता डावीकडे विरत नाही, पहिल्याच वर्गात एकदम सहा जण आहेत. म्हणून मी इथे ती दुरुस्ती लावणार नाही.

शेवटचा वर्ग 40–44 असा न देता "40 किंवा अधिक" असा दिला असता तर? त्याचा वर्गमध्य काय धरायचा, 42 की 60? 60 धरला तर मध्य 24.31 वरून थेट 24.99 वर जातो आणि प्रमाण विचलनाचा तर भरवसाच राहत नाही. मध्यकाला त्या तिघांनी किती वेळ घेतला हे ठाऊक असायची गरजच नव्हती. तो 23.36 वरच राहतो.