सोळाव्या षटकापासून सपाट झालेली रेघ

२९ जून २०२४. बार्बाडोसमधल्या ब्रिजटाउनला टी-२० विश्वचषकाची अंतिम लढत. भारताने ७ बाद १७६ केल्या, दक्षिण आफ्रिका ८ बाद १६९ पर्यंत पोहोचली. सात धावांचा हा निकाल सगळ्यांना पाठ आहे. पण त्या सामन्याचा आलेख नीट वाचला, तर सामना कधी फिरला आणि टीव्हीच्या पडद्यावर तो फिरल्याचं किती उशिरा दिसलं, हे दोन्ही कळतं.

हा आलेख दोन भागांचा असतो. खाली प्रत्येक षटकाचा एक खांब, म्हणजे त्या षटकात निघालेल्या धावा. याला समालोचक मॅनहॅटन म्हणतात. त्यावर दोन्ही संघांची एकेक चढती रेघ, म्हणजे तोवरची एकूण धावसंख्या. याला वर्म, म्हणजे अळी, म्हणतात. दोन्हींत माहिती एकच आहे. खांब एकापुढे एक मिळवत गेलं की रेघ तयार होते आणि रेघेचा प्रत्येक षटकातला चढ मोजला की खांब परत मिळतो. रेघ जिथे उभी चढते तिथे खांब उंच, जिथे आडवी पडते तिथे खांब बुटका.

यावरूनच आलेख बरोबर काढलाय का, हेही तपासता येतं. सगळ्या खांबांची बेरीज रेघेच्या शेवटच्या उंचीइतकी यायला हवी. रेघ शून्य षटकं, शून्य धावा इथूनच निघायला हवी. काही जण तिची सुरुवात पहिल्या षटकाच्या धावसंख्येपासून करतात आणि पहिलं षटक आलेखातून गायब होतं. या सामन्यात ते फार महागात पडलं असतं, कारण आफ्रिकेच्या यान्सनच्या पहिल्याच षटकात भारताने १५ धावा काढल्या होत्या. रेघ कुठे किंचित खाली झुकलेली दिसली, तर ती सुबक दिसावी म्हणून कुणीतरी गोलाई दिलेली आहे असं समजावं. केलेल्या धावा कमी होत नाहीत.

आता सामन्याकडे येऊ. भारताचे दोन गडी दुसऱ्याच षटकात गेले, तेव्हा धावा होत्या २३. सहा षटकांनंतर भारत ४५, आफ्रिका ४२. दहानंतर भारत ७५, आफ्रिका ८१. अर्ध्या डावापर्यंत दोन्ही रेघा जवळजवळ एकमेकींना चिकटून चालल्या होत्या. चौथा गडी बाद झाला तेव्हा तर दोन्ही संघांच्या धावा सारख्याच होत्या, १०६. भारत तिथे १३.३ षटकांत पोहोचला, आफ्रिका १२.३ षटकांत. बरोबर एका षटकाचं अंतर.

मग आलं पंधरावं षटक. क्लासेन समोर, चेंडू अक्षर पटेलच्या हातात, आणि २४ धावा. दोन्ही डावांतला सगळ्यात उंच खांब हाच. त्याआधी आफ्रिकेला ३६ चेंडूंत ५४ हव्या होत्या, म्हणजे षटकामागे ९. त्यानंतर ३० चेंडूंत ३०, षटकामागे ६. आफ्रिका ४ बाद १४७ वर होती. भारत आपल्या डावात याच टप्प्यावर ११८ वर होता. रेघांमधलं अंतर २९ धावांचं.

इथून पुढचे आफ्रिकेचे खांब असे: १६व्या षटकात ४, १७व्यात ४, १८व्यात २, १९व्यात ४. चार षटकांत १४ धावा. तोवर षटकामागे सरासरी ९.८ ने चढणारी रेघ एकदम साडेतीनवर आली. बुमराची दोन षटकं, हार्दिकचं एक, अर्शदीपचं एक. आलेखाचा हा कोपरा क्रिकेट न कळणाऱ्यालाही वेगळा दिसेल.

आणि तरीही १८ षटकांनंतर आफ्रिकेची रेघ वरच होती! आफ्रिका १५७, भारत १५०. नुसती रेघांची वर-खाली पाहणारा म्हणेल, आफ्रिका सात धावांनी पुढे. पण तिला १२ चेंडूंत २० हव्या होत्या, षटकामागे १०, आणि क्लासेन बाद झालेला होता. रेघा एकमेकींना छेदून गेल्या त्या १९व्या षटकात, सामना वळून बराच वेळ झाल्यावर.

असं का होतं? पहिल्या डावाची रेघ ही दुसऱ्या संघाने पार करायची वाट नाही. भारताने शेवटच्या पाच षटकांत ५८ धावा काढल्या, पण आफ्रिकेवर तशाच क्रमाने धावा करण्याचं बंधन नव्हतं. तिच्यासाठी आलेखावर एकच बिंदू महत्त्वाचा होता, २० षटकं आणि १७७ धावा. म्हणून पाठलाग वाचताना रेघेच्या टोकापासून त्या बिंदूपर्यंत मनातल्या मनात एक सरळ रेषा ओढावी. तिचा चढ म्हणजे आवश्यक धावगती. पंधराव्या षटकानंतर तो चढ ६ होता, मग ६.५, मग ७.३, मग १०, आणि शेवटच्या षटकाआधी १६. भारताशी तुलना करून पुढे दिसणारी आफ्रिका या आकड्यांत १६व्या षटकापासूनच मागे पडत चाललेली दिसते.

आलेखात आणखी एक गोष्ट नीट दिसत नाही. १६वं आणि १७वं षटक, दोन्हींचे खांब चार-चार धावांचे. उंचीत काडीचा फरक नाही. पण १७व्याच्या पहिल्याच चेंडूवर हार्दिकने क्लासेनला बाद केलं. गडी गेल्याची खूण म्हणून रेघेवर किंवा खांबावर एक ठिपका ठेवतात, आणि माझ्या मते त्या ठिपक्याकडे खांबाच्या आधी बघावं. शेवटच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर मिलरचा फटका सूर्यकुमारने सीमारेषेवर झेलला. तो षटकार गेला असता तर ५ चेंडूंत १० हव्या होत्या. झेलामुळे १६ राहिल्या. आलेखावर तिथे आहे एक ठिपका आणि शून्य चढ.

डोळ्यांची एक अडचणही इथे येते. दोन चढत्या रेघांमधलं अंतर बघताना आपण सरळ खाली-वर मोजत नाही. एका रेघेपासून दुसरी जिथे सगळ्यात जवळ असेल, तिकडे नजर तिरकी जाते. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की वक्ररेषांमधला फरक माणसं फार चुकीचा जोखतात. त्यात रेघा जितक्या उभ्या, तितकं अंतर कमी भासतं. पंधराव्या षटकाशी आफ्रिकेची रेघ उभी चढत होती, म्हणून २९ धावांची आघाडी पडद्यावर तेवढी मोठी वाटत नाही.

त्यावर उपाय म्हणजे फरकाचीच वेगळी रेघ काढायची. आफ्रिकेच्या धावांतून भारताच्या त्याच टप्प्यावरच्या धावा वजा केल्या, तर सहा षटकांनंतर उणे ३, दहानंतर अधिक ६, पंधरानंतर अधिक २९, अठरानंतर अधिक ७, एकोणिसानंतर उणे ६ आणि शेवटी उणे ७. अठराव्यानंतरचा अधिक ७ इथेही राहतोच, पण पंधरा ते अठरा या तीन षटकांत २२ धावांची आघाडी विरघळली, हे आता एका नजरेत दिसतं. त्याच आलेखात खाली आवश्यक धावगतीचे पाच आकडे छापले, तर त्या अधिक ७ ने फसायला जागा उरत नाही.