C₇H₁₆ चे नऊ आयसोमर: ही फांदी आहे की वळलेली साखळी?

इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या क्लासमधून परतणारी आमच्या कॉलनीतली मराठी मुलं संध्याकाळी माझ्याकडे वह्या घेऊन येतात. पेपर हिंदीत किंवा इंग्रजीत, शंका मराठीत. सेंद्रिय रसायनशास्त्रात त्यांचे गुण दोन प्रकारच्या प्रश्नांत जातात. एकात आकृती दिलेली असते आणि नाव लिहायचं असतं, दुसऱ्यात सूत्र दिलेलं असतं आणि आयसोमर मोजायचे असतात. क्लासमध्ये हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवतात. माझ्या मते तो एकच धडा आहे, कारण मोजणी तपासायचं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे नाव. दोन आकृत्यांचं बरोबर नाव एकच आलं, तर तो रेणूही एकच.

C₇H₁₆ घेऊ. सात कार्बन, सोळा हायड्रोजन, सगळे एकेरी बंध. याचे आयसोमर किती, असं विचारलं की बरीच मुलं दहा सांगतात. त्यांच्या वहीत ही आकृती हमखास असते:

```
CH3-CH-CH2-CH2-CH3
    |
    CH2-CH3
```

खाली नाव लिहिलेलं असतं 2-इथाइलपेंटेन. "काकू, सरळ ओळीत पाचच कार्बन आहेत ना?" सरळ ओळीत पाचच आहेत, हे खरं. पण एकेरी बंधाभोवती रेणूचे भाग मोकळेपणी फिरतात, त्यामुळे कागदावर कोणता भाग आडवा आला आणि कोणता खाली लटकला याला काही अर्थ नाही. खालच्या CH3 वर बोट ठेवा आणि पेन्सिलीसारखं न उचलता चालवा: CH3, CH2, मग वरचा CH, तिथून उजवीकडे CH2, CH2, CH3. सहा झाले. मुख्य साखळी हेक्झेनची आहे, आणि डावीकडे उरलेला एकटा CH3 हीच खरी फांदी. इथाइलच्या टोकाकडून मोजलं तर ती तिसऱ्या कार्बनवर येते, दुसऱ्या टोकाकडून चौथ्या. लहान आकडा घ्यायचा, म्हणून नाव 3-मिथाइलहेक्झेन. हे नाव त्याच वहीत दोन ओळी वर आधीच लिहिलेलं असतं. दहावा आयसोमर आला तो असा, एकच रेणू दोनदा मोजून.

पेपरात आकृती नागमोडी रेघांची असली तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. तिथे प्रत्येक कोपरा कार्बन असतो आणि प्रत्येक मोकळं टोकही कार्बन असतं. फांदीचं टोक मोजायचं राहून जातं आणि इथाइलचा मिथाइल होतो. म्हणून नाव लिहून झालं की नावातले कार्बन जुळवून पाहायचे: हेक्झेनचे सहा आणि मिथाइलचा एक, सात. आकृतीतले कोपरे आणि टोकं मिळूनही सातच भरायला हवेत.

आता मोजणी. मी मुलांना आकृत्या सुचतील तशा काढू देत नाही, साखळी एकेका कार्बनने आखूड करायला लावते. सातही कार्बन एका ओळीत: हेप्टेन, एक. सहाची साखळी आणि एक मिथाइल: तो दुसऱ्यावर किंवा तिसऱ्यावर, असे दोन. चौथा म्हणजे दुसऱ्या टोकाकडून तिसराच, आणि पाचवा म्हणजे दुसरा. टोकाच्या कार्बनवर मिथाइल लावला तर साखळीच लांबते, ते पुन्हा हेप्टेन.

पाचच्या साखळीवर खरी कसोटी लागते. उरलेले दोन कार्बन दोन मिथाइल म्हणून लावता येतात किंवा एक इथाइल म्हणून. दोन्ही मिथाइल एकाच कार्बनवर ठेवले तर 2,2 आणि 3,3. वेगवेगळ्या कार्बनवर ठेवले तर 2,3 आणि 2,4. कोणी 3,4 लिहिलं तर उलट बाजूने मोजून बघायचं, ते 2,3 निघतं. म्हणजे डायमिथाइलपेंटेन चार. इथाइल मात्र फक्त मधल्या, तिसऱ्या कार्बनवर बसतो, कारण दुसऱ्यावर लावला की काय होतं ते वरच्या आकृतीत पाहिलंच. यातून एक सोपी मर्यादा मिळते: जवळच्या टोकाकडून दुसऱ्या कार्बनवर फक्त मिथाइल चालतो, तिसऱ्यावर फार तर इथाइल. त्याहून लांब फांदी लावली की तीच मुख्य साखळी होऊ लागते. शेवटी चारची साखळी आणि तीन मिथाइल: 2,2,3-ट्रायमिथाइलब्यूटेन, एकच. तीनच्या साखळीत मधल्या कार्बनवर दोनच मिथाइल मावतात, म्हणजे एकूण पाच कार्बन, सात तिथे बसतच नाहीत. एक, दोन, चार, एक आणि एक मिळून नऊ.

या मोजणीने मोठमोठ्यांना चकवलं आहे. ब्रिटिश गणितज्ञ आर्थर केली यांनी 1875 मध्ये तेरा कार्बनपर्यंतचे आकडे छापले, त्यात बारा आणि तेरा कार्बनचे आकडे चुकले होते. दहा कार्बनलाच 75 आयसोमर होतात, त्यामुळे परीक्षक हाताने मोजायला सहसा सहा-सात कार्बनच देतात.

कार्यात्मक गट आला की नाव देण्याचा क्रम बदलतो. ही आकृती बघा:

```
CH3-CH2-CH-CH2-CH3
        |
        CH2-OH
```

इथे सगळ्यात लांब साखळी पाच कार्बनची आहे, तरी नाव पेंटेनवरून येत नाही. OH ज्या कार्बनवर आहे तो मुख्य साखळीत असलाच पाहिजे, आणि त्याला घेऊन जाणारी लांबात लांब साखळी चारचीच भरते. नाव 2-इथाइलब्यूटेन-1-ऑल. OH काढून तिथे साधा हायड्रोजन ठेवला तर तोच सांगाडा 3-मिथाइलपेंटेन होतो. म्हणून आकृती हातात आली की आधी गट शोधायचा, साखळी नंतर. दुहेरी बंधाच्या बाबतीत थोडा फरक पडला आहे: आययूपॅकच्या 2013 च्या शिफारशींत दुहेरी बंधापेक्षा साखळीच्या लांबीला आधी मान दिला आहे. आपल्याकडच्या शालेय पुस्तकांत मात्र दुहेरी बंध साखळीत घेण्याचा जुना नियम शिकवतात, म्हणून पेपर लिहिताना पुस्तकाचाच नियम धरावा.

गट असलेल्या सूत्राची मोजणी करताना ऑक्सिजन कुठे बसू शकतो ते आधी ठरवावं. C₄H₁₀O मध्ये तो एखाद्या कार्बनवर OH म्हणून असेल किंवा दोन कार्बनांच्या मध्ये. अल्कोहोल चार येतात: सरळ ब्यूटेनवर दोन प्रकारच्या जागा, फांदीच्या सांगाड्यावर दोन. ईथरसाठी चार कार्बन ऑक्सिजनच्या दोन बाजूंना वाटायचे. एक आणि तीन असे वाटले तर तीनचा गट सरळ किंवा मधून जोडलेला, म्हणून दोन. दोन आणि दोन असे वाटले तर एक. एकूण सात. मुलं बहुधा चारवर थांबतात, कारण ईथर त्यांच्या लक्षातच येत नाही. प्रश्नात "अल्कोहोल" असं लिहिलेलं नसेल तर ईथर मोजायलाच हवेत.

शेवटी प्रश्नातला एक शब्द. नऊ आणि सात हे आकडे रचनात्मक आयसोमरांचे आहेत. "स्टिरिओआयसोमर धरून" असं विचारलं असेल, तर प्रत्येक नावात चार वेगवेगळे गट असलेला कार्बन शोधायचा. 3-मिथाइलहेक्झेनच्या तिसऱ्या कार्बनवर हायड्रोजन, मिथाइल, इथाइल आणि प्रोपाइल आहेत, चारही वेगळे. 2,3-डायमिथाइलपेंटेनचा तिसरा कार्बनही तसाच. या दोघांची एकमेकांवर न बसणारी आरसा-रूपं असल्याने नऊचे अकरा होतात. C₄H₁₀O मध्ये असा एकच आहे, ब्यूटेन-2-ऑल, म्हणून तिथे सातचे आठ.